हंगामाआधी कोणतं काम आधी? परिणाम, मेहनत आणि खात्री यांचे गुण देऊन ठरवण्याची पद्धत

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांच्या बैठका होतात. सोयाबीन फुलावर आलेलं असतं, खरेदी दोन महिन्यांवर असते आणि कामांची यादी वहीचं पान भरून वाहते. गोदामाचे पत्रे, तेल मिलशी बोलणी, बियाण्याचे प्लॉट, काटा, मॉइश्चर मीटर, डाळ मिलचा प्रस्ताव. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम वर जातं, आणि ऑक्टोबरमध्ये माल यायला लागला की कळतं, पत्रे तसेच राहिले.

यावर एक साधी आकडेमोड उपयोगी पडते. ती आली सॉफ्टवेअर कंपन्यांतून. तिथेही करण्यासारखं शंभर असतं आणि माणसं दहा. शॉन एलिस यांनी परिणाम, खात्री आणि सोपेपणा यांना गुण देण्याची ‘आइस’ पद्धत रूढ केली. पुढे इंटरकॉम या कंपनीने ‘राइस’ ही पद्धत मांडली. तिच्यात काम किती लोकांपर्यंत पोचतं हेही मोजतात आणि आलेल्या गुणाकाराला मेहनतीने भागतात. आपल्या कामाला तीन आकडे पुरतात:

```
गुण = परिणाम × खात्री ÷ मेहनत
```

सूत्र शाळेतल्या मुलालाही येईल. कस लागतो तो तीन आकडे खरे भरण्यात, आणि उत्तर आल्यावर ते कुठवर मानायचं हे ठरवण्यात. त्यासाठी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातली एक कंपनी नमुन्यादाखल धरू. हंगामात ती सभासदांचं 2000 क्विंटल सोयाबीन घेते. एक व्यवस्थापक, दोन पोरं कामाला आणि वेळ मिळेल तसे येणारे संचालक. रोजची कामं वजा जाता सप्टेंबर अखेरपर्यंत त्यांच्या हाताशी 40 माणूस-दिवस आहेत. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा कंपनीचा ताळेबंद पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील.

यादीत काय घ्यायचं नाही

गुण देण्याआधी दोन प्रकारची कामं बाजूला काढा.

पहिली, कायद्याने करावीच लागणारी: वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, जीएसटीची विवरणपत्रं. त्यांना गुण दिले तर ती नेहमी तळाला जातील, कारण त्यातून हातात पैसा येत नाही. ती करायचीच आहेत. त्यांचे दिवस आधी वजा करा आणि उरलेल्या दिवसांवर यादी करा. वरचे 40 दिवस असेच उरलेले आहेत.

दुसरी, ज्यांचं फळ या हंगामात येणारच नाही अशी. डाळ मिलचा प्रस्ताव त्यातला. मिल उभी राहिली तर कंपनीचं रूप बदलेल, म्हणून बैठकीत तिच्या परिणामाला सगळे सर्वांत मोठा आकडा देतात. पण पत्र्यांचं फळ तीन महिन्यांत आणि मिलचं तीन वर्षांनी, ही दोन कामं एका तक्त्यात मोजता येत नाहीत. लांब पल्ल्याच्या कामांची यादी वेगळी करा आणि तिची बैठक हंगाम संपल्यावर घ्या.

परिणाम: एकच माप, तेही बैठकीआधी ठरलेलं

‘परिणाम मोठा’ म्हणजे कशावर? हा प्रश्न आधी सोडवला नाही तर एक संचालक पैशाचा विचार करून गुण देतो, दुसरा कंपनीच्या नावाचा, तिसरा सभासदांच्या नाराजीचा. मग आकडे एका रांगेत दिसतात, पण मोजत असतात वेगवेगळं. आपल्या कंपनीने एक वाक्य फळ्यावर लिहिलं: “या हंगामात कंपनी आणि सभासद मिळून पदरात किती जास्त पैसे पडतील, किंवा किती नुकसान टळेल.”

एक ते दहा अशी मोजपट्टी मी नव्या लोकांना देत नाही. तिच्यावर सहा आणि सात यांत फरक काय, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय भागाकार करायचा असेल तर 8 हा 4 च्या खरोखर दुप्पट असायला हवा. म्हणून दुपटीची पट्टी घ्या: 1, 2, 4, 8. आपल्या कंपनीत 1 म्हणजे साधारण 25 हजार रुपये, 2 म्हणजे 50 हजार, 4 म्हणजे एक लाख, 8 म्हणजे दोन लाख. हिशेब मधे कुठे पडला तर जवळचा आकडा घ्यायचा. 2000 क्विंटलवर क्विंटलमागे 50 रुपयांचा फरक म्हणजे एक लाख, म्हणजे 4. हे एक उदाहरण सगळ्यांना पाठ झालं की बाकीच्या कामांचा अंदाज पटापट येतो.

मॉइश्चर मीटरचं काम घ्या. ऐकायला किरकोळ आहे. पण गेल्या हंगामातल्या विक्रीच्या पट्ट्या काढून पाहिल्या तर दिसतं की निम्म्या गाड्यांना खरेदीदाराने एक टक्का ओलावा जास्त दाखवला. आपला मीटर 12 दाखवत होता, त्यांचा 13. त्यांच्याशी ठरलेली अट अशी की 12 टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो घट. सभासदाला आपण पूर्ण वजनाचे पैसे दिले आणि घट कंपनीच्या माथी आली. भाव साडेचार हजार धरला तर क्विंटलमागे 45 रुपये, आणि 1000 क्विंटलवर 45 हजार. परिणाम 2. हा आकडा कुणाच्या मतातून आलेला नाही, कपाटातल्या पट्ट्यांतून आला आहे. प्रत्येक परिणामाच्या शेजारी असा एका ओळीचा हिशेब लिहायला लावा. ज्याला ओळ लिहिता येत नाही, त्याचा आकडा अजून तयार नाही असं समजा.

मेहनत: सगळ्यांचे दिवस, आणि रोज लागणारा वेळही

मेहनत माणूस-दिवसांत मोजायची. दोन माणसं तीन दिवस म्हणजे 6. यात संचालकांच्या चकरा धरा, कारण त्यांचा वेळ फुकटचा मानला की बाहेरगावी जाऊन करायची सगळी कामं खोटी स्वस्त दिसतात. नुसतं वाट पाहणं मात्र धरू नका. नमुना पाठवून आठ दिवस उत्तर आलं नाही, तर ते आठ दिवस कॅलेंडरचे आहेत, मेहनतीचे नाहीत. पैसा लागत असेल तर तो परिणामातून वजा करा.

सर्वांत जास्त फसवतं ते रोज थोडं थोडं करायचं काम. कुणीतरी सुचवतं, “मोंढ्यातला भाव रोज सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू, पाच मिनिटांचं काम.” भाव विचारायचा, दोन ठिकाणी खात्री करायची, संदेश टाकायचा आणि येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, यात रोज पंधरा मिनिटं जातात. साठ दिवसांचे पंधरा तास, म्हणजे दोन माणूस-दिवस. सभासदांचे जुने नंबर दुरुस्त करायला आणखी दोन. मेहनत 4. पाच मिनिटांचं काम मीटर तपासून घेण्याच्या दोन दिवसांच्या कामाच्या दुप्पट निघालं.

खात्री: मनाला काय वाटतं ते नाही, हातात कोणता कागद आहे ते

या तीन आकड्यांत नवखे लोक सर्वांत हलकेपणाने भरतात तो हा. ज्याने काम सुचवलं त्याला खात्री असतेच, म्हणून तो 100 टक्के लिहितो. मग हा आकडा सगळ्या कामांना सारखाच पडतो आणि त्याचा उपयोग संपतो. इंटरकॉमच्या पद्धतीत खात्रीला तीनच पायऱ्या आहेत: 100, 80 आणि 50 टक्के. त्या तशाच घ्या, पण प्रत्येक पायरीला पुरावा बांधून टाका.

1 कधी द्यायचा? आपल्याच पट्ट्या, तोलपावत्या किंवा वहीत एकापेक्षा जास्त हंगामांची नोंद असेल तेव्हा. 0.8 म्हणजे एका हंगामाची आपली नोंद, किंवा समोरच्याने लेखी दिलेला भाव. 0.5 म्हणजे कुणाचा तरी शब्द, एखादा फोन, शेजारच्या तालुक्यातल्या कंपनीचा अनुभव. यांतलं काहीच नसेल तर त्या कामाला गुण द्यायचे नाहीत. त्याची आधी छोटी तपासणी करायची.

इथे एक घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. गेल्या वर्षी परतीच्या पावसात गोदाम गळलं, 40 क्विंटल माल भिजला आणि क्विंटलमागे दोन हजारांनी कमी गेला. नुकसान 80 हजार, जवळचा आकडा एक लाख, परिणाम 4. एक संचालक म्हणतो, “पण यंदा तसा पाऊस पडेलच कशावरून? खात्री 0.5 लावा.” त्याचा मुद्दा बरोबर आहे, जागा चुकीची आहे. पाऊस पडण्याची शक्यता परिणामाच्या हिशेबात जाते. दोन वर्षांतून एकदाच असा पाऊस होतो असं सगळ्यांचं मत असेल, तर टळणारं नुकसान 80 ऐवजी 40 हजार धरा आणि परिणाम 2 लिहा. खात्रीच्या रकान्यात एवढंच विचारायचं की आपल्या अंदाजाच्या मागे पुरावा किती. एकच शंका दोन्ही रकान्यांत घातली तर कामाला दुहेरी मार बसतो. आपल्या संचालकांचं म्हणणं पडलं की ऑक्टोबरचा पाऊस आता दरवर्षीचाच झालाय. म्हणून परिणाम 4 राहिला आणि नोंद एका हंगामाची असल्याने खात्री 0.8.

गुण कसे गोळा करायचे

प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. बोलण्याआधी सगळ्यांनी तिन्ही आकडे लिहायचे, मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. गावात अध्यक्ष वयाने मोठे असतात. त्यांनी “अण्णांचं तेल मिलचं काम चांगलंय” म्हटलं की पुढचे सगळे आकडे तिकडेच झुकतात. चिठ्ठीमुळे मोठ्यांचा मानही राहतो आणि धाकट्यांचा अंदाजही कळतो.

जिथे चिठ्ठ्या एकाच पायरीच्या आत आहेत तिथे चर्चा नको, मधला आकडा घ्या आणि पुढे चला. एकाने 1 आणि दुसऱ्याने 8 लिहिलं असेल तिथे थांबा. बहुतेक वेळा एकाला असं काही माहीत असतं जे दुसऱ्याला ठाऊक नाही. सरासरी काढली तर तेवढीच माहिती हरवते. दोघांना आपापली हिशेबाची ओळ वाचायला सांगा, आणि नंतर पुन्हा चिठ्ठी.

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात परिणाम, C मध्ये खात्री, D मध्ये मेहनत ठेवा आणि E मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=B2*C2/D2
```

आपल्या कंपनीचा तक्ता असा झाला:

| काम | परिणाम | खात्री | मेहनत | गुण |
|---|---|---|---|---|
| मॉइश्चर मीटर तपासून घेणे | 2 | 0.8 | 2 | 0.80 |
| गोदामाचे पत्रे | 4 | 0.8 | 6 | 0.53 |
| तेल मिलशी थेट सौदा | 8 | 0.5 | 20 | 0.20 |
| बियाण्याचे प्लॉट, 100 क्विंटल | 8 | 0.5 | 25 | 0.16 |
| रोजच्या भावाचा संदेश | 1 | 0.5 | 4 | 0.13 |

तक्त्याला काय कळत नाही

आता हा क्रम जसाच्या तसा उचलायचा नाही. 0.53 हा आकडा दिसतो नेमका, पण त्याच्या पोटात तीन अंदाज आहेत. एक सोपी परीक्षा करा: वरच्या कामाचा परिणाम निम्मा करून पाहा. मीटरचा 2 ऐवजी 1 धरला तर गुण 0.40 होतात आणि पत्रे वर जातात. म्हणजे या दोघांत पहिलं कोण, हे तक्त्याला ठाऊक नाही. दोन्ही एका गटात टाका आणि सोबतच करा, मिळून आठच दिवस जातात. भावाच्या संदेशाचा परिणाम मात्र दुप्पट केला तरी गुण 0.25 च होतात. ते काम या दोघांच्या जवळपासही येत नाही. इतका भरवसा तक्त्यावर ठेवता येतो.

तेल मिलचं काम पाहा. क्विंटलमागे 100 रुपये जास्त, म्हणजे दोन लाख. यादीतलं सर्वांत मोठं फळ, पण पुरावा म्हणून एका फोनवरचं “आणा माल, बघू” एवढंच. मोठा परिणाम आणि अर्धी खात्री अशी जोडी दिसली की काम सोडूही नका आणि पूर्ण हातीही घेऊ नका. खात्री वाढवणारा छोटा तुकडा कापून काढा. गोदामात उरलेल्या मालाचे नमुने तीन मिलना पाठवायचे आणि भाव, ओलाव्याची व डागी दाण्यांची अट, पैसे किती दिवसांत देणार, हे लेखी मागायचं. यात दोन माणूस-दिवस जातात. लेखी भाव आला तर खात्री 0.8 होते, कामाचे 18 दिवस उरतात आणि गुण 0.36 होतात. तिन्हींकडून नकार आला किंवा हमाली-भाडं जाऊन मोंढ्याइतकाच भाव पडला, तर 18 दिवस वाचले. आधीच ठरवून ठेवा की किती रुपये जास्त मिळाले तर पुढे जायचं. आपल्या कंपनीने भाडं वजा जाता 60 ही रेघ ओढली. उत्तर आल्यावर रेघ ओढायला बसलं की ज्याला सौदा हवा असतो तो 30 वरही समाधान मानतो. भाव 100 च्या खाली पण रेघेच्या वर आला तर परिणामही नव्याने लिहायचा. 60 रुपये म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे 8 नाही, 4.

बियाण्याचं काम वेगळ्या कारणाने तक्त्याला कळत नाही. गुणात ते चौथं आहे, पण त्याला तारीख आहे. प्लॉटमधली भेसळ झाडं फुलाच्या रंगावरून ओळखून उपटायची असतात आणि फुलोरा दोनेक आठवड्यांत सरतो. तेवढ्यात काम झालं नाही तर पुढच्या जूनपर्यंत विषय संपला. पत्रे सप्टेंबरमध्येही बसतील, फुलं थांबणार नाहीत. म्हणून तक्त्याच्या शेजारी ‘शेवटची तारीख’ असा रकाना ठेवा. तो सूत्रात घालू नका, नुसता डोळ्यांसमोर असू द्या.

शिवाय हे काम लहान करता येतं. 100 क्विंटलऐवजी तीन सभासदांच्या चांगल्या प्लॉटमधून 40 क्विंटल घेतलं आणि साध्या मालापेक्षा क्विंटलमागे दोन हजार जास्त धरले, तर 80 हजार होतात. परिणाम 4, मेहनत 10, गुण 0.20. परिणाम निम्म्यावर आला, पण मेहनत निम्म्याहून खाली गेली, कारण चांगले आणि जवळचे प्लॉट आधी येतात. लांबच्या, भेसळ जास्त असलेल्या प्लॉटवर दिवस जास्त खर्ची पडले असते. कोणतंही मोठं काम तक्त्यात खाली अडकलं की त्याचा असा तुकडा निघतो का ते पाहा. सगळ्याच कामांचा निघत नाही. अर्ध्या गोदामावर पत्रे टाकून माल कोरडा राहत नाही.

आता 40 दिवसांची वाटणी. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम सुटतात: मिलना नमुने जातात (2 दिवस) आणि 40 क्विंटलच्या प्लॉटमध्ये भेसळ काढणं सुरू होतं. बियाण्याच्या 10 दिवसांतले काही आता आणि काही काढणीच्या तयारीला, कारण हा माल वेगळा मळावा आणि वेगळा साठवावा लागतो. मग मीटर (2) आणि पत्रे (6). झाले 20. उरलेले 20 लगेच वाटू नका. मिलचं उत्तर होकारार्थी आलं तर 18 तिकडे. नकार आला आणि फुलोरा अजून असेल तर शेजारचे आणखी दोन प्लॉट बियाण्यात घ्या. भावाचा संदेश या हंगामात नाही. ज्याने तो सुचवला त्याला हे बैठकीतच सांगा, तक्ता दाखवून, म्हणजे दर आठवड्याला तोच विषय परत येत नाही.

गुणांशी खेळ होतोय हे कसं ओळखायचं

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत लोकांना सूत्र समजतं, आणि मग कुणी आपल्या आवडत्या कामाची मेहनत 20 ची 8 करून आणतो. बदल झालेला आकडा दिसला की एकच विचारा: नवीन काय कळलं? मिलचं पत्र आलं, मिस्त्रीने पत्रे मोजून दिवस सांगितले, असं काही असेल तर आकडा बदला आणि शेजारी तारीख लिहा. नुसता फेरविचार असेल तर जुना आकडा राहील.

उलटीही खूण आहे. सगळे गुण बघून संचालकांच्या तोंडून “हे काही पटत नाही” असं निघालं, तर त्यांना गप्प करू नका. बहुधा मोजपट्टीतून काहीतरी सुटलेलं असतं. मागे पैसे उशिरा मिळाल्यामुळे पन्नास सभासद यंदा माल दुसरीकडे नेणार असतील, तर ते पैशाच्या पट्टीत दिसत नाही. पण 2000 क्विंटल हा आकडाच त्यामुळे खाली येतो, आणि तक्त्यातले मीटर व मिलचे हिशेब त्याच आकड्यावर उभे आहेत. अशा वेळी वेळेवर पैसे देण्याची सोय हे नवं काम यादीत घ्या आणि न येणारे क्विंटल धरून त्याचा परिणाम काढा.

तक्ता फेकू नका. दिवाळीनंतर त्यात दोन रकाने वाढवा: खरे लागलेले दिवस आणि खरा पडलेला पैसा. दोन हंगाम नोंद ठेवली की कंपनीची सवय दिसते. पत्र्यांना 6 म्हटले आणि 9 लागले, नमुन्यांना 2 म्हटले आणि 3 लागले, तर पुढच्या ऑगस्टमध्ये प्रत्येकाने लिहिलेली मेहनत आधी दीडपट करायची आणि मगच सूत्र लावायचं.